पैसे खात्यातून गेले, ॲपवर ‘यशस्वी’, पण दुकानाकडे ऑर्डरच नाही. कोणाला आणि काय लिहायचं?

मीनल_वाशी | शनिवार, १२ जुलै २०२५, सकाळी

नमस्कार मंडळी. काल रात्री एका ऑनलाइन दुकानाच्या साइटवरून घरगुती पिठाची चक्की मागवत होते. किंमत १६,४८० रुपये आणि सेलचा शेवटचा दिवस. श्रावण तोंडावर आलाय, उपवासाच्या भाजणीच्या ऑर्डरी मी घेऊन ठेवल्यात. आमच्या सेक्टरमधला गिरणीवाला उपवासाचं वेगळं दळून द्यायला तयार नाही, म्हणून चक्की घरातच हवी आहे.

यूपीआयने पैसे भरले. पिन टाकला, ॲपवर हिरवी खूण आली, रात्री ११:५२ ला बँकेचा मेसेज आला. साइटच्या पानावर मात्र चक्र फिरत राहिलं आणि शेवटी ‘पेमेंट पूर्ण झाले नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असं आलं. ‘माझ्या ऑर्डर’मध्ये काही नाही, ईमेल नाही, मेसेज नाही.

ॲपच्या मदत विभागात लिहिलं, तर उत्तर आलं की व्यवहार यशस्वी आहे, व्यापाऱ्याशी बोला. दुकानाच्या चॅटवर विचारलं, तर तुमच्या मोबाइल नंबरवर ऑर्डर दिसत नाही, बँकेशी बोला. मी मधल्यामध्ये. यातून कोणी गेलं असेल तर सांगा, पहिलं पत्र कोणाला लिहू आणि त्यात काय लिहू म्हणजे ते नुसतं परतवून लावणार नाहीत?

---

कासारवडवलीचा_संदीप

ताई, घाबरू नका. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, दुसऱ्या दिवशी पैसे आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर बँक रोजचे १०० रुपये देते. फक्त आज दुसरा शनिवार, उद्या रविवार, त्यामुळे दिवस सोमवारपासून मोजले जातील. मंगळवारपर्यंत काहीच करू नका, उगाच तक्रारी करून गोंधळ वाढतो.

---

जुना_ठाणेकर

माझ्या भाच्याचं असंच झालं होतं. नंबरचा एक आकडा चुकला आणि पैसे भलत्याच माणसाला गेले. त्याने त्या माणसाला फोन केला, माणूस चांगला निघाला, परत पाठवले. तुम्हीही ज्यांना गेले त्यांना आधी फोन करून बघा.

---

मीनल_वाशी

काका, माझे पैसे चुकीच्या माणसाला गेलेले नाहीत. साइटनेच ॲप उघडून दिलं होतं, मी कुठलाही नंबर टाकला नव्हता. पैसे दुकानालाच गेले असावेत, पण दुकान म्हणतं ऑर्डर नाही. संदीप, मंगळवारपर्यंत थांबायला हरकत नाही, पण तोपर्यंत हे प्रकरण कोणाच्या टेबलावर आहे हे तरी कळायला हवं.

---

ताळेबंद_ऐरोली

मीनलताई, मी बरीच वर्षं पेमेंट गेटवेच्या, म्हणजे दुकानांच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीच्या, हिशेब जुळवणीत काम केलं आहे. रोज अशीच प्रकरणं समोर यायची. थोडं सविस्तर लिहितो.

आधी ॲपमध्ये तो व्यवहार उघडा आणि स्थिती नीट वाचा. ‘पेंडिंग’ किंवा ‘फेल्ड’ असेल आणि तरी खात्यातून पैसे गेले असतील, तर पैसे बँकांच्या मधे कुठेतरी अडकलेले असतात. तिथे दुकानाला काहीच माहीत नसतं आणि लिहायचं ते ॲपला आणि स्वतःच्या बँकेला. तुमच्या बाबतीत स्थिती ‘यशस्वी’ आहे. म्हणजे तुमच्या बँकेतून निघालेले पैसे समोरच्या बँकेत जमा झाले. ॲपवाल्याने तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही, त्याच्या बाजूचं काम खरंच पूर्ण झालंय.

आता दुकान ‘ऑर्डर नाही’ का म्हणतं? तेही त्यांच्या परीने खरं बोलतायत. तुम्ही पिन टाकता तेव्हा साइट एका निरोपाची वाट बघत असते, ‘पैसे आले’ असा. ती ठराविक मिनिटंच थांबते. सेलच्या शेवटच्या रात्री बारा वाजायच्या आत सगळे एकदम तुटून पडतात, निरोप उशिरा पोचतो, तोपर्यंत साइटने तुमची टोपली सोडून दिलेली असते. पैसे गेटवेकडे दुकानाच्या नावावर पडून आहेत, पण त्यांना चिकटलेली ऑर्डर नाही.

चॅटवरचा मुलगा काय करतो? तुमचा मोबाइल नंबर ऑर्डरच्या यादीत शोधतो. तिथे तुम्ही नाहीच, आणि त्याने कितीही वेळा शोधलं तरी सापडणार नाही. तुमची नोंद पेमेंटच्या यादीत आहे, आणि ती यादी बहुतेक वेळा त्याच्यासमोर उघडतच नाही, हिशेब विभागाकडे असते. म्हणून पत्र असं हवं की ते त्याच्या हातून सुटून हिशेब विभागाकडे जायलाच हवं.

त्यासाठी लागतो यूटीआर. ॲपमध्ये व्यवहार उघडल्यावर खाली बारा अंकी क्रमांक दिसेल, बँकेच्या मेसेजमध्ये आणि पासबुकातही बहुधा तोच असतो. ॲपचा स्वतःचाही एक लांबलचक क्रमांक असतो, अक्षरं-आकडे मिसळलेला. लोक तोच पाठवतात आणि दुकानाला तो काही कामाचा नाही. बारा अंकीच द्या. शिवाय पैसे कोणत्या नावावर आणि कोणत्या यूपीआय पत्त्यावर गेले तेही तिथेच दिसेल. दुकानाच्या पाटीवरचं नाव वेगळं आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव वेगळं असं पुष्कळदा असतं, कधी गेटवेचं नाव असतं. बघून इथे सांगा, यूटीआर मात्र इथे टाकू नका.

संदीप, नियम आहे हे बरोबर, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसऱ्या दिवसाची मुदत एका माणसाने दुसऱ्याला पैसे पाठवले आणि समोर जमा झाले नाहीत, त्यासाठी आहे. दुकानदाराला दिलेल्या पैशांना, जिथे दुकानाकडे पुष्टी पोचली नाही, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवस आहेत. रिझर्व्ह बँकेचं ते परिपत्रक २० सप्टेंबर २०१९ चं आहे. आणि त्यात दिवस कॅलेंडरचे धरलेत. दुसरा शनिवार, रविवार यांची सूट नाही. ताईंचा व्यवहार ११ तारखेला रात्री ११:५२ चा, म्हणजे दिवस ११ तारखेचाच. मुदत १६ जुलैला संपते.

---

खारघरची_प्राजक्ता

माझं वीजबिलाचं असं झालं होतं. पैसे गेले, पावती नाही. शेवटची तारीख होती म्हणून मी पुन्हा भरलं. नंतर दोन्ही भरणा जमा दिसले आणि पुढच्या बिलात वळते झाले. एकही पत्र लिहावं लागलं नाही. मीनल, कदाचित तुझंही आपोआप होईल.

---

ताळेबंद_ऐरोली

प्राजक्ता, वीजबिलात प्रत्येक पैशाला ग्राहक क्रमांक चिकटलेला असतो, त्यामुळे उशिरा आलेले पैसे आपल्या जागी जाऊन बसतात. चक्कीच्या पैशांना चिकटायला काही उरलेलं नाही, टोपली गेली. म्हणून इथे कोणाला तरी हाताने शोधावं लागतं.

मीनलताई, यावरून आठवलं. दुकानाने ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हटलंय म्हणून आत्ता पुन्हा पैसे भरू नका. भरलेच तर पत्रात ते स्पष्ट लिहावं लागेल. नाहीतर हिशेब विभाग जुनी ऑर्डर जिवंत करतो आणि दारात दोन चक्क्या येतात, मग परत पाठवण्याची वेगळीच कसरत.

---

मीनल_वाशी

धन्यवाद! बारा अंकी क्रमांक सापडला, बँकेच्या मेसेजमध्येही तोच आहे. पैसे एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर गेलेत. ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं, पण साइटच्या तळाशी बारीक अक्षरात तेच नाव आहे. म्हणजे पैसे दुकानाकडेच आहेत.

आता पत्राचा मसुदा सांगाल का? मी लिहिलं होतं ते दीड पानी झालं, त्यात श्रावण आणि गिरणीवालाही आला.

---

नेरुळचा_अभय

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. आमचं कोकम, आमसूल, कुळथाचं पीठ असं छोटं ऑनलाइन दुकान आहे, नेरुळमधून चालतं. ताळेबंद यांनी सांगितलं ते अगदी तसंच आहे. माझ्या पडद्यावर दोन वेगळी पानं असतात. ऑर्डरच्या पानावर नाव, पत्ता, मोबाइल. पेमेंटच्या पानावर रक्कम, वेळ, यूपीआय पत्ता, यूटीआर. कोणी मला ‘मी परवा कोकम मागवलं होतं, पैसे गेले’ असं लिहिलं तर मी पहिलं पान चाळतो आणि नाही म्हणून सांगतो. यूटीआर दिला तर दुसऱ्या पानावर टाकतो आणि काही क्षणांत नोंद समोर येते.

एक गोष्ट ग्राहकांना माहीत नसते. उशिरा आलेलं पेमेंट कधीकधी ‘आलंय, पण घेतलेलं नाही’ अशा अवस्थेत थांबतं. मी ते घेतलं नाही तर गेटवे काही दिवसांनी स्वतःच परत पाठवतो. घेतलं असेल तर मात्र ते माझ्या पुढच्या जमा रकमेत येतं, आणि मग परतावा मी बटण दाबल्याशिवाय निघत नाही. म्हणून पत्रात सरळ विचारा की पेमेंट नेमकं कोणत्या अवस्थेत आहे. असा प्रश्न आला की समोरच्याला पडदा उघडून बघावंच लागतं.

आणि यूटीआर टाइप करून पाठवा. स्क्रीनशॉटमधला बारा अंकी आकडा बघून टाइप करताना एक अंक इकडचा तिकडे झाला की ‘नोंद नाही’ असंच उत्तर जातं. चित्र सोबत जोडा, पण आकडा मजकुरात हवा.

---

ताळेबंद_ऐरोली

अभय, फार उपयोगी सांगितलंत. ताई, मी असं लिहीन. इंग्रजीत पाठवायचं असेल तर मुद्दे हेच ठेवा.

> विषय: रु. १६,४८० जमा झाले, ऑर्डर तयार झाली नाही – यूटीआर (बारा अंक) – ११ जुलै २०२५
>
> महोदय,
>
> दि. ११ जुलै २०२५ रोजी रात्री ११:५२ वाजता आपल्या साइटवर घरगुती पिठाच्या चक्कीसाठी मी यूपीआयने रु. १६,४८० भरले. माझ्या बँकेत आणि ॲपमध्ये व्यवहार यशस्वी असून रक्कम आपल्या कंपनीच्या नावे (पावतीवरील नाव व यूपीआय पत्ता) जमा झाली आहे. यूटीआर: (बारा अंक). साइटवर खात्याला जोडलेला मोबाइल व ईमेल: (…).
>
> साइटवर ‘पेमेंट पूर्ण झाले नाही’ असे दिसले आणि ऑर्डर क्रमांक मिळाला नाही. त्यामुळे मोबाइल नंबरवर ऑर्डर शोधल्यास ती सापडणार नाही. कृपया हा यूटीआर आपल्या पेमेंट गेटवेच्या नोंदीत शोधावा आणि पेमेंट सध्या कोणत्या अवस्थेत आहे ते कळवावे.
>
> मी या वस्तूसाठी पुन्हा पैसे भरलेले नाहीत. त्याच किमतीत ऑर्डर तयार करणे शक्य असल्यास तसे करावे. अन्यथा पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करून परताव्याचा संदर्भ क्रमांक द्यावा.
>
> सोबत: ॲपची पावती, बँकेचा मेसेज, साइटवरील संदेशाचे चित्र.

मजकूर एवढाच. मधल्या परिच्छेदातलं ‘ऑर्डर सापडणार नाही’ हे वाक्य मुद्दाम घातलंय, ते काढू नका. ते नसलं की पहिलं उत्तर पुन्हा तेच येतं.

पाठवायचं कुठे? चॅटवर नाही. साइटच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो, ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनी तो देणं बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. ग्राहक सेवेच्या ईमेललाही प्रत ठेवा. आणि पुढचं प्रत्येक पत्र त्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा. नवं पत्र लिहिलं की नवा तक्रार क्रमांक पडतो आणि नव्या माणसाकडे गोष्ट पहिल्यापासून सुरू होते.

चित्रं जोडण्याआधी खात्यातली शिल्लक, बाकीचे व्यवहार दिसत असतील ते कापून टाका.

---

मीनल_वाशी

किती नेमकं! आजच पाठवते. आणि ॲपला पुन्हा काही लिहू का, की तो विषय संपला?

---

ताळेबंद_ऐरोली

लिहा, पण तिथे पत्र नको. त्या व्यवहारावरच ‘तक्रार नोंदवा’ असा पर्याय असतो. कारणांच्या यादीतलं खरं कारण निवडा, म्हणजे पैसे गेले पण व्यापाऱ्याकडून पुष्टी नाही अशा अर्थाचं जे असेल ते. काही लोक लवकर काम होईल म्हणून ‘फसवणूक’ निवडतात. ते खरंही नाही आणि त्या तक्रारीची वाटच वेगळी आहे, मूळ प्रश्न बाजूला राहतो.

त्या तक्रारीला जो क्रमांक मिळेल तो जपून ठेवा. पुढे बँकेकडे किंवा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची वेळ आली तर तुम्ही कधी कळवलंत याचा पुरावा तोच.

---

घणसोली_सुनीता

माझं सांगते, कारण मीनलच्या जागी मी होते आणि चुकीच्या दारात जाणार होते. पैसे अडकले म्हणून मी दुकानाचा ग्राहक सेवा क्रमांक इंटरनेटवर शोधला. पहिला जो नंबर दिसला तिथे फोन लावला. माणूस इतकं गोड बोलला. परतावा मिळण्यासाठी तो पाठवेल ती विनंती उघडून पिन टाका म्हणाला, आणि मोबाइलचा पडदा त्याला दिसेल असं एक ॲप उतरवायला लावत होता. माझी मुलगी शेजारी होती, तिने फोन हातातून घेतला. तो दुकानाचा नंबरच नव्हता.

पैसे परत यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे जाताना. नंबर घ्यायचा तो ॲपच्या आतून किंवा दुकानाच्या साइटवरूनच.

---

नेरुळचा_अभय

सुनीताताई, तुमची मुलगी तिथे होती हे फार बरं झालं. आणखी एक, लोक वैतागून दुकानाच्या फेसबुक पानाखाली सगळी हकीकत, मोबाइल नंबर, यूटीआर लिहितात. असे भामटे तेच वाचत बसलेले असतात आणि तासाभरात ‘दुकानातून बोलतोय’ म्हणून फोन येतो, रक्कम आणि वेळ बरोबर सांगतो, मग कोणाचाही विश्वास बसतो. कोणाचे पैसे असे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

---

जुना_ठाणेकर

एक विचारू का? मी क्रेडिट कार्डाने भरतो. त्यातही हेच पत्र चालेल का?

---

ताळेबंद_ऐरोली

काका, दुकानाला लिहायचं पत्र जवळपास हेच, फक्त यूटीआरच्या जागी कार्डाचे शेवटचे चार अंक, तारीख, रक्कम आणि बँकेच्या मेसेजमध्ये काही संदर्भ क्रमांक असेल तर तो. पूर्ण कार्ड क्रमांक कधीच नाही. मुदतही तीच, पाच दिवस. पण कार्डात कधीकधी रक्कम नुसती अडवून ठेवलेली असते, बिलात प्रत्यक्ष चढलेली नसते, आणि ती आपोआप सुटते. बिलात चढली आणि दुकान ऐकत नसेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी वाद नोंदवायचा.

---

मीनल_वाशी | सोमवार, १४ जुलै

तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवरून पोच आली, तक्रार क्रमांक मिळाला. चॅटवरून मात्र आजही ‘ऑर्डर सापडत नाही’ असंच. ॲपमधली तक्रार ‘तपासणी सुरू’ दाखवते. थांबते.

---

कासारवडवलीचा_संदीप

ताळेबंद, ते परिपत्रक मी काल शोधून वाचलं. पाच दिवस आणि कॅलेंडरचे दिवस, दोन्ही तुम्ही म्हणता तसंच आहे. पण त्यात असंही आहे की भरपाई ग्राहकाने मागायची वाट न बघता बँकेने स्वतः जमा करायची. मग १६ तारखेनंतर मीनलताईंना रोज १०० रुपये मिळायलाच हवेत ना?

---

ताळेबंद_ऐरोली

इथेच खरा तिढा आहे, संदीप. परिपत्रकातले शब्द आहेत, खात्यातून रक्कम गेली पण व्यापाऱ्याकडे पुष्टी पोचली नाही. ताईंच्या बाबतीत हे शब्दशः लागू होतं असं मला वाटतं. बँका मात्र म्हणतात की पैसे समोर जमा झाले, आमच्या लेखी व्यवहार फसलेलाच नाही, पुढे ऑर्डर झाली नाही तो दुकान आणि ग्राहक यांच्यातला मामला. मी दोन्ही बाजूंची उत्तरं पाहिली आहेत.

---

घणसोली_सुनीता

मला भरपाई मिळाली होती, पण माझा व्यवहार ‘पेंडिंग’ होता आणि नंतर फसला. आमच्या बिल्डिंगमधल्या एकांना ‘यशस्वी’ व्यवहारावर नाही म्हणून उत्तर आलं. त्यांनी पुढे नेलं नाही.

---

ताळेबंद_ऐरोली

तो फरकच निर्णायक ठरतो. तरी मागणी लेखी करून ठेवायला काही जात नाही. आधी स्वतःच्या बँकेला लिहायचं, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, cms.rbi.org.in वर. फी नाही. पण लोकपालाच्या कक्षेत बँका आणि पेमेंट कंपन्या येतात, चक्की विकणारं दुकान येत नाही. दुकानाविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ते दुकानाला तक्रार पाठवतात आणि उत्तर मागतात, आदेश देत नाहीत. तरी पुष्कळ दुकानं त्या टप्प्यावर हलतात. आदेशच हवा असेल तर ग्राहक आयोग.

---

मीनल_वाशी | गुरुवार, १७ जुलै

काल संध्याकाळी दुकानाचं उत्तर आलं आणि या वेळी ते हिशेब विभागाचं होतं. ‘आपले पेमेंट आमच्या गेटवेवर सापडले, पुष्टी उशिरा मिळाल्यामुळे ऑर्डर तयार झाली नाही, परतावा सुरू केला आहे’ असं लिहिलंय. शब्दन् शब्द ताळेबंद यांनी पहिल्या दिवशी सांगितलेला! पण परताव्याचा क्रमांक दिलेला नाही आणि खात्यात अजून काही नाही. आज सहावा दिवस.

---

ताळेबंद_ऐरोली

‘सुरू केला आहे’ यावर थांबू नका. त्याच ईमेलला उत्तर म्हणून एकच ओळ पाठवा: परतावा कोणत्या तारखेला पाठवला आणि त्याचा संदर्भ क्रमांक काय. परतावा म्हणजे जुनी नोंद पुसली जाणं नसतं, नवी जमा येते आणि तिचा क्रमांक नवा असतो. जुना यूटीआर घेऊन बँकेत गेलात तर त्यांना फक्त गेलेले पैसे दिसतील. नवा क्रमांक असला की बँक ‘आले’ किंवा ‘आले नाहीत’ एवढं तरी ठाम सांगू शकते.

आणि ॲपला तुमची एकाहून जास्त खाती जोडलेली असतील तर ज्या खात्यातून गेले तेच खातं बघा. ॲपवर वर दिसणारं खातं दुसरंच असू शकतं.

---

मीनल_वाशी | शनिवार, १९ जुलै

क्रमांक मागितल्यावर लगेच दिला. पैसे काल जमा झाले, पूर्ण १६,४८०. माझी दोन खाती जोडलेली आहेत आणि मी खरंच ॲपवर आधी दिसणारं खातंच बघत बसले असते. ताळेबंद, अभय, सुनीताताई, सगळ्यांचे मनापासून आभार.

पण एक उरलंय. सेल संपला आणि तीच चक्की आता त्याच साइटवर १९,२०० ला आहे. मी सेल चालू असताना पूर्ण पैसे दिले होते आणि ते आठवडाभर त्यांच्याकडे होते. पत्रात ‘त्याच किमतीत ऑर्डर तयार करा’ असंही लिहिलं होतं. त्यांनी न विचारता परतावा केला. मला जुनी किंमत मागता येईल का?

---

नेरुळचा_अभय

दुकानदार म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, मागता येईल, आणि मी असतो तर दिली असती. एवढ्या पत्रव्यवहारानंतर तुटलेला ग्राहक मला परवडत नाही. बरीच दुकानं फरकाचं कूपन देतात. पण ‘ऑर्डर स्वीकारली’ असं पत्र गेलं नसेल तर विक्री झालीच नाही, असं आमच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं, आणि त्यांच्याही असेल.

---

कासारवडवलीचा_संदीप

मला ते पटत नाही, अभय. पैसे घेतले म्हणजे सौदा झाला. उशीर त्यांच्या गेटवेचा, भुर्दंड ताईंना का?

---

ताळेबंद_ऐरोली

हिशेबाच्या पलीकडचा प्रश्न आहे, माझ्याकडे यावर ठाम उत्तर नाही. मी मागेन एवढं नक्की. त्याच ईमेलच्या साखळीत, २,७२० रुपयांचा फरक लिहून, तुमच्या पहिल्या पत्रातल्या त्या वाक्याचा हवाला देऊन. आणि हिशेब विभागाने लिहिलेलं ‘पुष्टी उशिरा मिळाल्यामुळे’ हे वाक्य जसंच्या तसं उतरवा. कारण त्यांनी स्वतः लेखी मान्य केलंय.

---

मीनल_वाशी

आत्ताच पाठवलं, तक्रार अधिकाऱ्याला, तुम्ही सांगितलं त्याच शब्दांत. बँकेलाही १७ आणि १८ तारखेच्या भरपाईबद्दल वेगळं लिहिलंय. दोन्हीकडून उत्तर आलं की इथे टाकते. तोवर वाशी-कोपरखैरणे भागात उपवासाची भाजणी वेगळी दळून देणारं कोणी माहीत असेल तर कृपया मला व्यनि करा.